९०० सोडून २,४०० चा प्लॅन घेतला, मग बिल १,१८० चं कसं?

जून महिन्यातल्या एका दुपारी कोल्हापूरच्या एका हार्डवेअरवाल्या काकांचा फोन आला. आमची कंपनी दुकानदारांना बिलं बनवायचं सॉफ्टवेअर महिन्याच्या वर्गणीवर देते, आणि पैशांच्या सगळ्या तक्रारी फिरून फिरून माझ्या टेबलावर येतात. त्यामुळे पलीकडचा माणूस चिडलेला असणार हे मी धरूनच फोन उचलते. काका चिडलेले नव्हते. बुचकळ्यात पडले होते.

"ओ ताई, मी नऊशेचं सोडून चोवीसशेचं घेतलं. म्हणजे पंधराशे वाढले का नाही? जीएसटी धरून सतराशे सत्तर व्हायला पाहिजेत. तुम्ही तर अकराशे ऐंशीच कापले. उरलेले नंतर गुपचूप कापणार काय?"

कमी पैसे कापले म्हणून तक्रार करणारा ग्राहक क्वचितच भेटतो. बहुतेकांचं म्हणणं उलट असतं: "या महिन्याचे नऊशे मी एक तारखेलाच भरलेत, मग पुन्हा पैसे कसले?" पण दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. महिना अर्धवट असताना प्लॅन बदलला की जुन्याचे उरलेले दिवस परत मोजायचे आणि नव्याचे तेवढेच दिवस लावायचे. याला बिलिंगच्या धंद्यात प्रोरेशन म्हणतात. मोबाईलच्या पोस्टपेड बिलावर कधीतरी 'प्रो-राटा' असा शब्द दिसतो, तोही हाच. शाळेत आपण याला त्रैराशिक म्हणायचो. तीस दिवसांचे इतके, तर वीस दिवसांचे किती? गणित एवढंच. गोंधळ होतो तो ते कागदावर कसं मांडलंय यावरून.

आधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. अशा वर्गण्या आगाऊ असतात. विजेचं बिल आपण वापरून झाल्यावर भरतो, इथे महिना सुरू होतानाच अख्ख्या महिन्याचे पैसे गेलेले असतात. मेसच्या डब्यासारखंच. एक तारखेला महिन्याचे पैसे दिले, दहा दिवस एक वेळचा डबा खाल्ला आणि अकराव्या दिवशी म्हणालात, "मावशी, आजपासून दोन्ही वेळचा द्या." मावशी काय करतात? तुमचे न खाल्लेले दिवस मनात मोजतात, ते पैसे तुमच्या नावावर धरतात, नव्या दराने उरलेल्या दिवसांचे पैसे काढतात आणि फरक मागतात. पेन्सिल-वही न घेता त्यांनी प्रोरेशन केलेलं असतं. सॉफ्टवेअरही तेच करतं, फक्त ते दोन्ही पायऱ्या वेगवेगळ्या छापतं, आणि तिथेच माणूस अडखळतो.

काकांचं बिल, एकेक ओळ

काकांच्या बिलाचं चक्र १ जून ते ३० जून. जूनचे दिवस ३०. जुना प्लॅन महिना ९०० रुपये, नवा २,४००. त्यांनी ११ जूनला सकाळी दुकान उघडल्या उघडल्या बदल केला. आमच्याकडे पूर्ण दिवस मोजतात आणि बदलाचा दिवस नव्या प्लॅनमध्ये धरतात. म्हणजे १ ते १० जून हे दहा दिवस जुन्या प्लॅनचे झाले, ११ ते ३० हे वीस दिवस नव्याचे.

आता जुन्या प्लॅनचे नऊशे रुपये तीस दिवसांसाठी घेतले होते, त्यातले दहाच दिवस वापरले. वीस दिवसांचे पैसे आमच्याकडे पडून आहेत. ९०० गुणिले २०, भागिले ३०, म्हणजे ६०० रुपये. हे काकांचं क्रेडिट. लक्षात घ्या, हे ६०० कुणी दिलेली सवलत नाही, काकांचेच पैसे आहेत. मग नवा प्लॅन: २,४०० गुणिले २०, भागिले ३०, म्हणजे १,६०० रुपये. ही नवी आकारणी. तीसुद्धा अख्ख्या महिन्याची नाही, फक्त उरलेल्या वीस दिवसांची.

बिलावर हे असं दिसतं:

```
जुना प्लॅन, न वापरलेले २० दिवस     - ६००.००
नवा प्लॅन, उरलेले २० दिवस        + १,६००.००
फरक                              १,०००.००
जीएसटी १८%                         १८०.००
एकूण                             १,१८०.००
```

काकांचा घोळ कुठे झाला ते आता दिसतं. त्यांनी अख्ख्या महिन्याचा फरक काढला, २,४०० वजा ९००. पण महिन्याचा एक तृतीयांश भाग तर जुन्या प्लॅनवर गेलाच होता. फरक फक्त वीस दिवसांचा लागतो, १,५०० चा दोन तृतीयांश, म्हणजे हजार.

मी काकांना फोनवर एक ताळा करून दाखवला, तो कुणीही स्वतः करू शकतो. जुन्या प्लॅनचा दिवसाचा दर ३० रुपये. नव्याचा ८०. दहा दिवस तीसने, ३००. वीस दिवस ऐंशीने, १,६००. जूनचे एकूण १,९०० व्हायला हवेत, कर सोडून. त्यातले ९०० एक तारखेला दिलेत. उरले १,०००. बिलातला फरक हाच आहे ना? मग बिल बरोबर. वजा-अधिकच्या ओळींत गुरफटण्यापेक्षा हा ताळा सोपा, आणि त्याने चुकीचं बिल लगेच उघडं पडतं.

मग दोन ओळी छापायच्याच कशाला, सरळ हजार रुपये फरक म्हणून लिहायचे? मलाही आधी असंच वाटायचं. पण हिशेबनिसाला त्या दोन ओळी लागतात. विक्री कोणत्या प्लॅनची कमी झाली आणि कोणत्या प्लॅनची वाढली हे त्यातूनच कळतं, आणि पुढे वाद झाला तर कुठला आकडा चुकला ते बोट ठेवून दाखवता येतं. नुसत्या १,००० मधून काहीच कळत नाही. बाहेरदेशी कंपन्यांची इंग्रजी बिलं येतात त्यांवरही अशाच दोन ओळी असतात. स्ट्राइप ही बिलिंगची सेवा वापरणाऱ्या कंपन्यांच्या इन्व्हॉइसवर वजा ओळ `Unused time on` ने सुरू होते आणि अधिकची ओळ `Remaining time on` ने. पहिली म्हणजे तुमचे परतीचे पैसे, दुसरी म्हणजे नव्या प्लॅनचे. या दोन शब्दांची ओळख झाली की अर्धी भीती जाते.

कराचं एक वाक्य. जीएसटी फरकावर लागतो, २,४०० वर नाही. जुन्या ९०० वर १६२ रुपये कर काका आधीच भरून बसलेत. ६०० वजा होतात तेव्हा त्यांच्यावरचा १०८ रुपये करही आपोआप वजा होतो, म्हणून १,६०० वरचे २८८ आणि हे १०८ यांचा फरक १८० येतो. बिलात कर फक्त अधिकच्या ओळीवर लावून वजाची ओळ कराशिवाय दाखवली असेल, तर ते १०८ रुपये तुमच्या खिशातून दोनदा गेले.

आत्ता कापायचे की पुढच्या बिलात

काकांचा दुसरा संशय होता "नंतर गुपचूप कापणार काय", आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. कारण हा फरक वसूल करायच्या दोन रीती आहेत आणि कंपनीने कोणती निवडली ते बरेचदा बटण दाबताना कळत नाही.

पहिली रीत, आम्ही वापरतो ती: बदल केला त्याच क्षणी फरक कापायचा. ११ जूनला १,१८०. मग १ जुलैला नव्या प्लॅनचं नेहमीचं पूर्ण बिल, २,४०० आणि ४३२ कर, म्हणजे २,८३२.

दुसरी रीत: आज काहीच कापायचं नाही. वजा ६०० आणि अधिक १,६०० या दोन ओळी वहीत टिपून ठेवायच्या आणि १ जुलैच्या बिलात जुलैच्या २,४०० सोबत लावायच्या. तेव्हा बिल होतं ३,४००, कर ६१२, एकूण ४,०१२ रुपये. बेरीज करून बघा, १,१८० आणि २,८३२ मिळून ४,०१२ च होतात. एक पैसाही जास्त नाही. पण ज्याने ११ तारखेला प्लॅन बदलला आणि तेव्हा खात्यातून काही गेलं नाही, त्याला वाटतं की वरचा प्लॅन जूनपुरता फुकट मिळाला. मग १ जुलैला २,८३२ च्या जागी ४,०१२ बघून तो हबकतो. स्ट्राइपमध्ये चक्राची तारीख तीच राहणार असेल तर मुळात ही दुसरी रीतच लावलेली असते, कंपनीला हवी तर ती बदलून घेते. म्हणून या धक्क्याची तक्रार इतकी सर्रास येते.

ओळखायचं कसं? बदल पक्का करण्याआधी बहुतेक ठिकाणी एक पडदा येतो, त्यावर आज भरायची रक्कम वेगळी लिहिलेली असते. तिथे शून्य दिसलं आणि तुम्ही वरच्या प्लॅनला जात असाल, तर फरक पुढच्या बिलात येणार असं समजा.

पहिल्या रीतीत आणखी एक अडचण आपल्याकडे येते. ऑटोपेवर दिलेली परवानगी ठरलेल्या वर्गणीसाठी असते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्ड किंवा यूपीआयवरून आपोआप पैसे जायचे असतील, तर बँकेने २४ तास आधी कळवायला लागतं. मधेच उपटलेला १,१८० चा फरक त्या चौकटीत नीट बसत नाही. म्हणून तो फरक बहुतेकदा तुमच्यासमोर, ओटीपी टाकून घेतात. वर जुन्या परवानगीत कमाल रक्कम दीड हजार रुपयांचीच घातली असेल, तर १ जुलैचे २,८३२ आपोआप जाणारच नाहीत, नवी परवानगी द्यावी लागेल. प्लॅन बदलला, फरकही भरला, आणि पुढच्या महिन्यात सेवा बंद पडली, अशी प्रकरणं महिन्याला दोन-चार तरी माझ्याकडे येतात. त्यांत कारण बहुतेक वेळा हेच निघतं.

दिवस मोजताना होणाऱ्या चुका

गुणाकार-भागाकारात कॉम्प्युटर चुकत नाही. चूक होते ती दिवस मोजताना, आणि मी इथे जरा रेंगाळणार आहे, कारण ग्राहकाला स्वतः पकडता येईल अशी चूक बहुतेक इथेच असते.

पहिला प्रश्न, बदलाचा दिवस कुणाचा? आमच्याच जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ११ तारीख दोन्हीकडे धरली जायची. जुना प्लॅन ११ तारखेपर्यंत वापरला म्हणून क्रेडिट १९ दिवसांचं, म्हणजे ५७० रुपये. नवा ११ पासून लागू म्हणून आकारणी २० दिवसांची, १,६००. फरक १,०३०. तीस रुपये जास्त. रक्कम इतकी लहान की वर्षभर कुणी बोललं नाही. शेवटी एका सीएने पत्र लिहिलं, त्यात एकच वाक्य होतं: "अकरा आणि वीस मिळून तीस होत नाहीत." हीच पारख. जुन्या प्लॅनचे वापरलेले दिवस आणि नव्याचे उरलेले दिवस यांची बेरीज चक्राच्या दिवसांइतकीच यायला हवी. एक दिवस जास्त आला तर तो तुम्ही दोनदा विकत घेतलात.

दुसरा प्रश्न, महिना किती दिवसांचा? काही कंपन्या सोयीसाठी प्रत्येक महिना ३० दिवसांचा धरतात. जूनमध्ये ते खपून जातं. जुलैत बघा काय होतं. ११ जुलैला बदल केला तर उरलेले दिवस २१. भागायला ३० घेतले तर क्रेडिट ९०० गुणिले २१ भागिले ३०, म्हणजे ६३०. खरं तर ३१ ने भागायला हवं, तेव्हा ते ६०९ रुपये ६८ पैसे येतं. क्रेडिट जास्त मिळालं म्हणून खूश होऊ नका, नवी आकारणीही त्याच चुकीने फुगते, आणि ती मोठ्या रकमेवर फुगते. १,६८० लागतात, जिथे १,६२५ रुपये ८१ पैसे पुरले असते. एकूण फरक १,०५०, जो १,०१६ रुपये १३ पैसे असायला हवा. गंमत म्हणजे याच पद्धतीत कुणी १ जुलैलाच प्लॅन बदलला तर त्याला ३१ भागिले ३० या हिशेबाने ९३० रुपये क्रेडिट मिळेल, भरलेले असतात ९००. भरल्यापेक्षा जास्त क्रेडिट दिसलं की समजावं, भागाकार चुकलाय.

महिन्याची किंमत तीच आणि दिवस वेगळे, म्हणजे दिवसाचा दर बदलतो, हे ओघाने आलंच. २८ दिवसांच्या फेब्रुवारीत ९०० चा प्लॅन दिवसाला ३२ रुपये १४ पैशांना पडतो, मार्चमध्ये २९ रुपये ३ पैशांना. त्यात लबाडी नाही.

तिसरी गोष्ट घड्याळाची. स्ट्राइपसारख्या बिलिंग सेवा दिवस मोजतच नाहीत, सेकंद मोजतात. समजा काकांचं चक्र मध्यरात्री बारा वाजता फिरतं आणि त्यांनी बदल ११ जूनला सकाळी न करता दुपारी ३ वाजता केला. उरले १९ दिवस आणि ९ तास. क्रेडिट ५८१ रुपये २५ पैसे, नवी आकारणी १,५५०, फरक ९६८ रुपये ७५ पैसे. दिवसांच्या हिशेबापेक्षा ३१ रुपये २५ पैसे कमी, कारण त्या दिवसाचे पहिले पंधरा तास त्यांना नव्या प्लॅनच्या दराने लागले नाहीत. तुम्ही कॅल्क्युलेटरवर पूर्ण दिवस धरून हिशेब केलात आणि बिलात तीस-चाळीस रुपयांचा फरक आला, तर आधी हे तपासा. खरं चक्र बहुधा मध्यरात्री फिरतही नाही, पहिल्यांदा पैसे भरले त्या मिनिटाला फिरतं. सेकंदाने मोजणाऱ्यांकडे तुमच्या पहिल्या पावतीवरची वेळ म्हणूनच महत्त्वाची.

क्रेडिट कशाचं मिळतं

क्रेडिट छापील किमतीवर नाही, भरलेल्या पैशांवर मिळायला हवं. पहिल्या महिन्याला निम्मी सवलत होती आणि काकांनी ९०० ऐवजी ४५० भरले असते, तर वीस दिवसांचं क्रेडिट ३०० होतं. पहिला महिना फुकट होता, तर शून्य. हे ऐकून लोक नाराज होतात, पण न दिलेले पैसे परत कसे द्यायचे? सवलतीच्या महिन्यात प्लॅन वाढवला की फरक फुगलेला दिसतो तो यामुळेच. अशा वेळी एकच विचारावं: ती सवलत नव्या प्लॅनलाही चालते का? चालत असेल तर १,६०० चेही निम्मे व्हायला हवेत.

एक उलटी चूकही असते. एक तारखेचं बिल भरलंच गेलेलं नाही, कार्ड नाकारलं गेलं, आणि ग्राहकाने अकरा तारखेला प्लॅन वाढवला. कॉम्प्युटर बिल निघालं एवढंच बघतो, ते कधीतरी भरलं जाईल असं धरतो आणि ६०० चं क्रेडिट देऊन मोकळा होतो. आता ते जुनं ९०० चं थकलेलं बिल कुणी रद्द केलं, तर ग्राहकाला न भरलेल्या पैशांचं क्रेडिट मिळालं. रद्द केलं नाही, तर हिशेब बरोबर राहतो, फक्त ग्राहक म्हणतो, "तो प्लॅन तर मी सोडला, त्याचे नऊशे आता का मागता?" त्याला सांगावं लागतं की त्यातले ६०० दुसऱ्या बिलात वजा झालेत.

एकाच महिन्यात दोनदा उडी मारली तर? काका २१ जूनला आणखी वरच्या, ३,६०० च्या प्लॅनवर गेले असते तर क्रेडिट मधल्या प्लॅनचं मिळालं असतं, २,४०० च्या दहा दिवसांचे ८००. नवी आकारणी १,२००. फरक ४००. पहिल्या ९०० चा हिशेब अकरा तारखेलाच मिटलेला आहे, त्याला पुन्हा हात लावायचा नाही.

खाली उतरण्याबद्दल थोडक्यात. गणित तेच, पण तेव्हा वजा ओळ मोठी असते आणि उत्तर ऋण येतं. ते पैसे बँकेत परत येतील अशी अपेक्षा धरू नका. बहुधा ते खात्यावर जमा दिसतात आणि पुढच्या बिलातून वजा होतात. बरेच जण या भानगडीत पडतच नाहीत, खालचा प्लॅन पुढच्या तारखेपासूनच लावतात. ॲपलच्या ॲप स्टोअरवर हीच रीत आहे. वर जाताना बदल लगेच आणि जुन्याचा न वापरलेला भाग परत, खाली येताना मात्र पुढच्या नूतनीकरणापर्यंत थांबायचं. मला हे जास्त प्रामाणिक वाटतं. भरलेला महिना पूर्ण वापरा, मग उतरा.

आणि जे पैशांत दिसत नाही तेही विचारून घ्या. पैसे वीस दिवसांचे लागले, पण मर्यादा? नव्या प्लॅनला महिन्याला ३,००० बिलं बनवायची मुभा असेल, तर काकांना उरलेल्या जूनमध्ये ३,००० मिळणार की २,०००? आणि जुन्या प्लॅनवर बनवलेली त्यातून वजा होणार का? कुठे काय करतात याला काही धरबंध नाही. आम्ही पूर्ण ३,००० देतो आणि आधीची मोजत नाही, म्हणून महिनाअखेरीस प्लॅन वाढवणारे हुशार लोक आमच्याकडे पुष्कळ आहेत.

तारीख हलली की गणित बदलतं

आतापर्यंत काकांची तारीख एकच होती, दर महिन्याची १. पण महिन्याच्या प्लॅनवरून वर्षाच्या प्लॅनवर गेलं की चक्रच नवं सुरू होतं, बदलाच्या दिवसापासून. तेव्हा वजा ओळीला त्रैराशिक लागतं, अधिकच्या ओळीला लागत नाही. नवा प्लॅन पहिल्या दिवसापासून पूर्ण वापरायला मिळणार, म्हणून त्याचे पूर्ण पैसे. दोन्ही ओळींना एकच अपूर्णांक लावायची सवय झाली की इथे हमखास चूक होते.

हे काकांमुळेच आठवलं, कारण १६ जुलैला त्यांचा पुन्हा फोन आला. १ तारखेला २,८३२ गेले होते, ते त्यांनी पावतीशी ताडून पाहिले होते, त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. आता त्यांना २,४०० चाच प्लॅन वर्षासाठी, २४,००० ला घ्यायचा होता. आणि या वेळी त्यांनी हिशेब आधीच वहीत करून ठेवला होता.

"ताई, लिहून घ्या. सोळा ते अखेर, सोळा दिवस उरले. चोवीसशे गुणिले सोळा भागिले तीस, बाराशे ऐंशी माझे तुमच्याकडे. चोवीस हजारातनं ते वजा, बावीस हजार सातशे वीस. त्यावर जीएसटी. बरोबर का नाही?"

चोवीस हजार पूर्ण धरले होते, त्यांना हात लावला नव्हता. जे भल्याभल्यांचं चुकतं ते बरोबर आलं होतं.

"काका, सगळं बरोबर. फक्त जुलै एकतीसचा."

पलीकडे वही उलटल्याचा आवाज आला. मग कॅल्क्युलेटरचा. "बाराशे अडतीस रुपये एकाहत्तर पैसे."

मी माझ्या पडद्यावर बघितलं. क्रेडिट १,२३८.७१, फरक २२,७६१.२९, जीएसटी ४,०९७.०३, एकूण २६,८५८ रुपये ३२ पैसे. रक्कम पंधरा हजारांच्या वर असल्यामुळे ऑटोपे इथे चालणार नव्हतं, ओटीपी लागणार होता. ते मी सांगितलं, आणि पुढचं बिल १ तारखेला नाही, पुढल्या वर्षी १६ जुलैला येईल हेही. काका म्हणाले, तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहून ठेवतो, पण पुढल्या वर्षीचं कॅलेंडर अजून आलेलं नाही.